ग्राहक रागावून जात नाही, विसरून जातो! सलून-दवाखान्याने त्याला परत कसे आणायचे?

निलंगा : सलूनच्या धंद्यात नवा ग्राहक मिळवणे तसे सोपे असते. दुकानावर नवी पाटी लावली, एखादी ऑफर जाहीर केली की आठ-पंधरा दिवस गर्दी होते. अडचण पुढे येते. पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्यांदा आला का, याची नोंद बहुतेक दुकानांत कुठेच नसते. गल्ल्यात रोज पैसे पडत असतात, त्यामुळे सगळे ठीक चालले आहे असे वाटते. एक दिवस लक्षात येते, की अमुक एक गिऱ्हाईक चार महिन्यांपासून दिसलेच नाही.

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावात ही गोष्ट जास्त जाणवते. येथे ग्राहक शहरातला असतो, तसाच औराद शहाजानी, कासारशिरसी भागातून बाजाराला किंवा कचेरीच्या कामाला आलेलाही असतो. लातूर फार लांब नाही. कामासाठी लातूरला गेलेला तरुण तिथेच कटिंग करून येतो. पार्लरला येणारी ताई लग्नाच्या खरेदीला लातूरला गेली, की फेशियलही तिकडेच उरकते. यात कोणी कोणावर रागावलेले नसते. फक्त गरज पडली, त्या वेळी आपले दुकान त्यांच्या डोळ्यासमोर नव्हते.

सवलत, आठवण आणि तक्रारीचा निपटारा हे ग्राहक टिकवण्याचे तीन मार्ग सगळ्यांना माहीत आहेत. पण या तिन्हींच्या आधी एक साधी गोष्ट लागते. कोणता ग्राहक कधी परत यायला हवा होता आणि आला नाही, हे मालकाला कळले पाहिजे. ते कसे कळेल आणि पुढे काय करायचे, ते समजून घेऊ.

नुकसान होते, पण दिसत का नाही?

उदाहरणासाठी दोन खुर्च्यांचे एक सलून घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, आपापल्या दुकानाचे आकडे घालून पाहावेत. कटिंगचे १०० आणि दाढीचे ५० असे एका ग्राहकाचे १५० रुपये होतात. नेहमीचे ग्राहक २०० आहेत आणि प्रत्येक जण साधारण ३० दिवसांनी येतो. म्हणजे एक ग्राहक वर्षात १२ वेळा येतो आणि १,८०० रुपये देतो.

आता याच ग्राहकाचे येणे ३० दिवसांवरून ४० दिवसांवर गेले. तो दुकान सोडून गेलेला नाही. रस्त्यात भेटला तर नमस्कारही करतो. पण वर्षात तो १२ ऐवजी ९ वेळा येईल आणि १,३५० रुपये देईल. एका माणसामागे ४५० रुपये कमी झाले. २०० पैकी ६० जणांचे असे झाले, तर वर्षाला २७ हजार रुपये गेले. एवढ्यात दुकानाचे काही महिन्यांचे भाडे निघते.

हा पैसा रोजच्या गल्ल्यात दिसत नाही, कारण तो एका दिवशी जात नाही. म्हणून ‘आज किती धंदा झाला’ एवढेच मोजून भागत नाही. ‘आज कोण यायला हवे होते’ हेही पाहावे लागते.

त्यासाठी काय लागते? एक डायरी

यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. दर दिवसाला एक पान असलेली साधी डायरी पुरते. मात्र त्यात ग्राहक आला त्या तारखेला नाव लिहायचे नाही, तो परत येणे अपेक्षित आहे त्या तारखेच्या पानावर लिहायचे.

समजा, एक ग्राहक ५ जूनला कटिंग करून गेला. त्याची पुढची वेळ ३० दिवसांनी, म्हणजे ५ जुलैला येते. त्याचे नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि ‘कटिंग-दाढी’ एवढे ५ जुलैच्या पानावर लिहायचे. हीच तारीख एका छोट्या कार्डावर टाकून ते त्याच्या हातात द्यायचे. तो परत आला, की कार्डावरची तारीख पाहून ते पान उघडायचे, त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करायची आणि पुढची तारीख धरून पुढच्या पानावर नाव टाकायचे. कार्ड घरी विसरला असेल, तर मागची-पुढची आठ-दहा पाने चाळली तरी नाव सापडते. या कामाला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

किती दिवसांनी परत येणे धरायचे, हे कामावर अवलंबून असते. डोक्याचे केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. त्यामुळे बारीक कटिंग ठेवणारा तीन-चार आठवड्यांत परत येतो. डाय लावणाऱ्याच्या मुळाशी महिनाभरात पांढरे दिसू लागते. थ्रेडिंगची गरज साधारण तीन आठवड्यांनी पडते, फेशियलची महिन्याने. पहिल्या दोन वेळा हे अंदाज धरावेत. तिसऱ्या वेळेपासून त्या माणसाची स्वतःची सवय धरावी. कोणी दर दीड महिन्यानेच येत असेल, तर तो उशिरा येतो असे समजायचे कारण नाही. त्याची वेळच ४५ दिवसांची आहे.

दुकान उघडल्यावर रोज एकच काम करायचे. सात दिवस मागचे पान उघडायचे आणि खूण नसलेली नावे पाहायची. १२ जुलैला ५ जुलैचे पान उघडले आणि त्यावरच्या सहा नावांपैकी दोघांपुढे खूण नाही, तर आठवण करून द्यायची ती त्या दोघांना. बाकीचे चौघे आपणहून आलेले आहेत. त्यांना मेसेज पाठवण्याची गरज नाही.

आठवण द्यायची, पण कशी?

बरीच दुकाने इथे चुकतात. सगळ्या नंबरांना एकच जाहिरात पाठवली जाते. फुलांचे चित्र, ‘शुभ सकाळ’ आणि खाली दुकानाचे नाव. असे मेसेज लोक वाचत नाहीत, पुढे पुढे तर नंबरच ब्लॉक करतात. व्हॉट्सॲपवर बऱ्याच जणांनी ब्लॉक केले किंवा तक्रार नोंदवली, तर दुकानाचा नंबर बंद होण्याची वेळ येऊ शकते.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करून पाठवलेला मेसेज फक्त त्याच लोकांना पोहोचतो, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये सेव्ह केला आहे. एका यादीत २५६ जण बसतात, पण त्यातल्या निम्म्यांनी नंबर सेव्ह केला नसेल, तर निम्म्यांना काहीच जात नाही. मालक मात्र सगळ्यांना कळवले असे समजून बसतो. रोजची दोन-चार नावे असतील, तर एकेकाला नावाने मेसेज पाठवणेच बरे. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये ठरलेला मजकूर आधीच साठवून ठेवता येतो. पाठवताना फक्त नाव बदलायचे.

मेसेज दोन-तीन ओळींचा असावा. उदाहरणार्थ : ‘नमस्कार दादा, मागच्या कटिंगला महिना होऊन गेला. मंगळवार ते गुरुवार दुपारी गर्दी नसते, बसावे लागणार नाही. येण्याआधी फोन केलात तर खुर्ची मोकळी ठेवतो.’ यात सवलतीचा एक शब्दही नाही. ग्राहकाला हवी असलेली गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे वाट पाहावी लागणार नाही याची खात्री.

मेसेजनंतर दहा दिवसांत तो आला नाही, तर मालकाने स्वतः एकदा फोन करावा. ‘का आला नाहीत’ असे विचारू नये. माणूस अवघडतो आणि ‘वेळच मिळाला नाही’ असे सांगून मोकळा होतो. ‘मागच्या वेळी कामात काही कमी राहिले होते का?’ असे विचारावे. तक्रार असेल तर ती इथे बाहेर येते. त्यानंतर तिसऱ्यांदा पाठपुरावा करू नये. नावापुढे ‘थांबवले’ असे लिहून ठेवावे.

नंबर घेतानाच परवानगीही घ्यावी. ‘नंबर लिहून ठेवू का? महिन्यातून फार तर एक मेसेज येईल’ एवढे विचारले तरी चालते. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आहे. माणसाची माहिती त्याच्या संमतीने घ्यावी, ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरावी आणि त्याने नको म्हटले की थांबावे, हा या कायद्याचा गाभा आहे. ग्राहकांच्या नंबरांची यादी दुसऱ्या दुकानदाराला देणे यात बसत नाही.

श्रावणात मेसेज नको!

पुस्तकात सांगितलेला ३० दिवसांचा नियम आपल्याकडे वर्षभर चालत नाही. श्रावणात अनेक पुरुष दाढी-कटिंग करत नाहीत. पितृपक्षातही तसेच. अनेक जण शनिवार, अमावास्या, एकादशी पाळतात. श्रावणाच्या मध्यात ‘कटिंगला महिना झाला’ असा मेसेज गेला, तर दुकानदाराला एवढेही कळत नाही का, असेच लोक म्हणतील.

म्हणून डायरीत नाव लिहिताना पंचांग शेजारी ठेवावे. परतीची तारीख श्रावणात पडत असेल, तर दोन पर्याय आहेत. श्रावण लागण्यापूर्वीच्या आठवड्यात आठवण द्यावी किंवा नाव पोळ्यानंतरच्या पानावर ढकलावे. पोळा झाला की चार दिवसांत गणपती येतात आणि सलूनमध्ये एकदम गर्दी होते. तेव्हा नेहमीच्या ग्राहकाला आधीच वेळ ठरवून दिली, तर त्याला मान दिल्यासारखे वाटते. त्यात खर्च काहीच नाही.

महिलांच्या पार्लरचे गणित उलटे असते. तिथे मंगळागौर, महालक्ष्म्या, दिवाळी आणि लग्नसराई हेच कामाचे दिवस. त्यामुळे पार्लरने आठवण सणाच्या आदल्या दिवशी न देता आठ-दहा दिवस आधी द्यावी. आदल्या दिवशी सगळ्या एकदम आल्या, तर निम्म्या परत जातात. नेहमी येणारी ताई त्या गर्दीत परत गेली, तर ती दुसरे पार्लर शोधते.

सवलत द्यावी की कार्ड?

सवलतीचा हिशेब करताना कारागिराचा वाटा विसरला जातो. समजा, दुकानात काम निम्म्या वाट्यावर आहे. १५० रुपयांपैकी ७५ कारागिराचे आणि ७५ मालकाचे. मालकाने १० टक्के सूट जाहीर केली, म्हणजे १५ रुपये कमी घेतले. कारागिराला वाटा पूर्ण दरावर द्यायचा, तर मालकाच्या ७५ पैकी ६० उरतात. त्याचे उत्पन्न १० नव्हे, २० टक्क्यांनी घटले. भाडे, वीज, ब्लेड, क्रीम यांचा खर्च अजून बाकीच आहे. कारागिराचाही वाटा कापला, तर तो सवलतीच्या गिऱ्हाइकाचे काम उरकून टाकतो आणि ग्राहक त्यामुळेच तुटतो.

दुसरा मार्ग कार्डाचा. सहा वेळा पूर्ण पैसे द्या, सातव्या वेळी कटिंग मोफत, दाढीचे पैसे द्यायचे. यात सात वेळांमागे मालकाने १०० रुपये सोडले. प्रत्येक वेळी १५ रुपये सूट दिली असती, तर सात वेळांचे १०५ रुपये झाले असते. म्हणजे सोडलेली रक्कम जवळजवळ सारखीच आहे.

फरक वेळेचा आहे. सूट आधी दिली जाते आणि ग्राहक परत येईलच असे नसते. एकदाच आलेला वाटसरूही १५ रुपये घेऊन जातो. कार्डाचे १०० रुपये मात्र सहा वेळा येऊन गेलेल्यालाच मिळतात. शिवाय दोन महिने १३५ रुपये घेतले, की लोकांच्या मनात तोच दर बसतो. मग १५० म्हटले की भाव वाढवला असे वाटते.

कार्ड कसे छापावे, यावर अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. जोसेफ नुनेस आणि झेव्हियर ड्रेझ या अभ्यासकांनी गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर ३०० ग्राहकांना कार्डे वाटली. निम्म्यांच्या कार्डावर आठ घरे होती, सगळी रिकामी. उरलेल्यांच्या कार्डावर दहा घरे होती, पण दोन घरांवर आधीच शिक्का मारलेला होता. दोघांनाही गाडी धुवायची आठच वेळा होती. तरी पहिल्या गटातील १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले आणि दुसऱ्या गटातील ३४ टक्क्यांनी. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवात झालेली असली, की माणसाला काम अर्धवट सोडवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या सलूनला हे सहज करता येते. सहा घरांचे कार्ड न छापता आठ घरांचे छापावे आणि देतानाच दोन शिक्के मारून द्यावेत. खर्च तोच राहतो. ज्या कार्डावर परतीची तारीख लिहायची, त्याच्याच मागच्या बाजूला ही घरे छापली, तर एकाच कार्डात दोन्ही कामे होतात.

तीन अटी आधीच स्पष्ट छापाव्यात. मोफत कटिंग गर्दीच्या दिवशी मिळणार नाही, फक्त मधल्या वारी दुपारी मिळेल. रविवारी मोफत कटिंगला खुर्ची अडली आणि पैसे देणारा परत गेला, तर मालकाला दुहेरी फटका बसतो. दुसरी अट मुदतीची. सहा वेळांना सहा-सात महिने लागतात, त्यामुळे मुदत किमान नऊ महिने ठेवावी. तीन महिन्यांची मुदत टाकली, तर ती फसवणूक वाटते. तिसरी अट ग्राहकासाठी नाही, दुकानाच्या आतली आहे. मोफत कटिंगचाही वाटा कारागिराला मालकाने द्यायचा. म्हणजे फुकटचे गिऱ्हाईक म्हणून कोणाकडे दुर्लक्ष होणार नाही.

तक्रार आली तर?

साधी तक्रार कामाची असते. एका बाजूला केस जास्त कापले गेले, भुवई बारीक झाली, डायचा रंग चढला नाही. इतर ग्राहकांसमोर वाद घालणे हा यातला सगळ्यात महाग मार्ग. खुर्चीवर बसलेले तिघे ते ऐकत असतात. ‘तुम्हीच असे सांगितले होते’ हे वाक्य खरे असले तरी बोलू नये. ‘तुम्हाला कसे हवे होते?’ एवढे विचारावे आणि तिथेच दुरुस्त होण्यासारखे असेल तर लगेच करावे. सात दिवसांत दुरुस्ती मोफत, हा नियम भिंतीवर लावून ठेवला, तर कारागिरालाही प्रत्येक वेळी मालकाला विचारावे लागत नाही.

दुरुस्त होण्यासारखे नसेल, जसे केस फार बारीक झाले, तर त्या कामाचे पैसे परत द्यावेत. पुढच्या वेळी सूट देतो म्हणणे इथे चालत नाही, कारण त्याला पुढच्या वेळी यायचेच नसते. तीन दिवसांनी एक फोन करावा. डायरीत त्याच्या नावाशेजारी काय बिघडले ते लिहावे. पुढच्या वेळी तो खुर्चीवर बसताच ‘मागच्या वेळी डावीकडे जास्त झाले होते, या वेळी मी स्वतः करतो’ असे म्हटले, की त्याला कळते की आपले म्हणणे ऐकले गेले.

दुसरी तक्रार गंभीर असते, ती डायच्या ॲलर्जीची. अनेक काळ्या डायमध्ये पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनिलिनडायमाइन हे रसायन असते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांतही ते असते. काहींच्या त्वचेला ते चालत नाही. त्रास लगेच होतोच असे नाही. अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोके खाजते, कपाळ आणि कान लाल होतात, पापण्या सुजतात. म्हणून तो ग्राहक दुकानात नसतो, घरी असतो. दुकानदाराला ते कळतही नाही.

अशी तक्रार आली, तर आधी त्याला डॉक्टरकडे जायला सांगावे. श्वासाला त्रास होत असेल किंवा तोंड-ओठ सुजले असतील, तर तातडीने दवाखाना गाठावा. घरगुती तेल-मलम सुचवू नये. डायचा खोका जपून ठेवावा आणि त्यावरील नाव व बॅच क्रमांक डॉक्टरला दाखवण्यासाठी द्यावा. ‘पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा लावून बघू’ असे तर अजिबात म्हणू नये. एकदा ॲलर्जी झालेल्या माणसाला पुढच्या वेळी जास्त तीव्र त्रास होऊ शकतो आणि दुसऱ्या कंपनीच्या डायमध्येही तेच रसायन असू शकते.

हे टाळण्याची पद्धत खोक्यावरच लिहिलेली असते, पण ती क्वचित पाळली जाते. डाय लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावून पाहायचा. खाज, लाली आली तर लावायचा नाही. नव्या ग्राहकाला दोन दिवस आधी बोलावणे अवघड वाटते. पण तो कटिंगला आलेला असतानाच ‘डाय लावायचा असेल तर आज थेंब लावून ठेवतो, परवा या’ असे सांगता येते. त्यात चाचणीही होते आणि परतीची तारीखही ठरते.

तक्रार दाबली तर ती संपत नाही. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कक्षेत येते. ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो किंवा घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. भरलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्कही लागत नाही. म्हणून तक्रार कधी आली, काय केले, पैसे कधी परत दिले, याची तारखेसह नोंद ठेवणे दुकानदाराच्याही हिताचे आहे.

दवाखान्याला हेच नियम लागू आहेत का?

नाही. इथे मोठा फरक आहे. डायरी आणि आठवण दवाखान्यालाही उपयोगी पडतात. पण ‘पाच तपासण्यांवर सहावी मोफत’ किंवा ‘रुग्ण आणा, सूट मिळवा’ असल्या ऑफरच्या वाटेला डॉक्टरांनी जाऊ नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरला रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरातबाजी करता येत नाही आणि रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देता-घेता येत नाही. दंतवैद्यांसाठीही वेगळी आचारसंहिता आहे. गरीब रुग्णाकडून कमी पैसे घेणे ही वेगळी गोष्ट, ती डॉक्टरच्या मर्जीची आहे.

दवाखान्यात आठवण हा उपचाराचाच भाग असतो. दाताच्या रूट कॅनालचे उदाहरण घ्या. पहिल्या बैठकीत दातातील खराब नस काढून तात्पुरते सिमेंट भरले जाते. ठणका थांबतो. रुग्णाला वाटते, दात बरा झाला. सोयाबीनची काढणी सुरू असेल, तर तो महिनाभर निलंग्याला फिरकत नाही. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांत झिजते, फटीतून जंतू पुन्हा आत जातात आणि आतून पोकळ झालेला दात एक दिवस सुपारी फोडताना तुटतो. मग दात काढावा लागतो आणि दोष मात्र डॉक्टरवर येतो.

म्हणून पहिल्या बैठकीनंतर दुखणे थांबणार आहे, हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवे. ‘ठणका थांबला म्हणजे काम संपले असे नाही, अजून दोन वेळा यायचे आहे आणि शेवटी कॅप बसवायची आहे’ हे तारखांसह लिहून द्यावे. आठवण इथे तारखेच्या आदल्या दिवशी द्यायची, सलूनसारखी सात दिवसांनी नाही. खेड्यातून येणाऱ्या रुग्णाला मेसेजपेक्षा फोन बरा आणि तोही सकाळी शेतात जाण्याआधी किंवा संध्याकाळी. गाडी किती वाजता आहे ते विचारून वेळ दिली, तर तो येण्याची शक्यता वाढते.

आणखी एक काळजी महत्त्वाची आहे. अनेक घरांत एकच मोबाइल चौघे वापरतात. मेसेज सून, मुलगा, शेजारी कोणीही वाचू शकतो. त्यामुळे मेसेजमध्ये आजाराचे, तपासणीचे किंवा औषधाचे नाव लिहू नये. ‘उद्या सकाळी ११ वाजता आपली दवाखान्यात येण्याची वेळ आहे’ एवढेच पुरेसे आहे. रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि त्याचा स्वागत कक्षातला कर्मचारी फोनवर मोठ्याने बोलत असेल, तर ते मोडते.

दवाखान्यातील तक्रार बहुधा औषधाबद्दल नसते, वाट पाहण्याबद्दल आणि नीट न सांगितल्याबद्दल असते. डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकले असतील, तर किती वेळ लागेल ते बाहेर बसलेल्यांना सांगावे. रुग्णाने कागदपत्रे मागितली, तर २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. ती देण्यात चालढकल झाली, की साधा संशयही तक्रारीत बदलतो. डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे.

फरक पडला, हे कसे ओळखायचे?

गर्दी वाढली म्हणजे ग्राहक टिकले असे नाही. लग्नसराईत गर्दी सगळीकडेच वाढते. मोजायचे ते एवढेच : एका महिन्यात पहिल्यांदा आलेले किती आणि त्यातले अपेक्षित तारखेनंतर १५ दिवसांच्या आत परत आले किती. समजा, जूनमध्ये नवे ४० आले आणि त्यातले १४ वेळेत परतले. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये ४० पैकी २० परतले, तर काम नीट चालले आहे. जूनची तुलना ऑगस्टशी करू नये, कारण मध्ये श्रावण येतो.

परत न येणारे सगळे एकाच कारागिराच्या हातचे असतील, तर अडचण कामात आहे आणि मेसेजने ती सुटणार नाही. रविवारी आलेलेच परत येत नसतील, तर अडचण वाट पाहण्याची आहे. डाय लावून गेलेले येत नसतील, तर आधी डायचा खोका तपासावा. आणि मेसेज गेलेल्या दहापैकी एकही आला नाही, तर पुढचा मेसेज पाठवण्याआधी त्यातल्या दोघांना फोन करून कारण विचारावे.

सुरुवात करायला वर्षाचा पहिला दिवस लागत नाही. आज जितके ग्राहक येतील, तितक्यांची नावे पुढच्या महिन्याच्या पानावर लिहिली की झाले. महिना-सव्वा महिन्याने त्याच पानावर खूण नसलेली नावे दिसतील. बोलायला सुरुवात तिथून करायची.